चाळीच्या गॅलरीतला चालता शॉट : गिंबलचा तोल आणि पावलांची शिस्त

गिंबल विकत घेतल्यानंतरही चालत घेतलेले फुटेज उसळते, अशी तक्रार लग्नाचे आणि घरगुती समारंभांचे चित्रीकरण करणारे बरेच जण करतात. अशा फुटेजमागे बहुतेक वेळा दोनच कारणे सापडतात. पहिले, कॅमेऱ्याचा तोल मोटर बंद ठेवून नीट साधलेला नसतो. दुसरे, गिंबल हातात आहे म्हणून माणूस नेहमीसारखाच चालतो. मग एडिटमध्ये स्टॅबिलायझेशन लावले जाते, फ्रेम कापली जाते आणि तरीही चित्र वितळल्यासारखे हलत राहते. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीची लाकडी गॅलरी आहे, एका बाजूला कठड्याचे खांब, दुसऱ्या बाजूला खोल्यांची दारे, लांबी सुमारे २० मीटर, आणि फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिमीची लेन्स लावून शेवटच्या दारापर्यंत एकाच टेकमध्ये चालत जायचे आहे.

## गिंबल काय थांबवतो आणि काय थांबवत नाही

तीन अक्षांचा गिंबल कॅमेऱ्याचे फिरणे थांबवतो. कॅमेऱ्याचे नाक वर-खाली होणे म्हणजे टिल्ट, बाजूला कलणे म्हणजे रोल, आणि डावी-उजवीकडे वळणे म्हणजे पॅन. परंतु चालताना संपूर्ण शरीरच प्रत्येक पावलागणिक वर उचलले जाते आणि खाली येते. हे फिरणे नसून जागेवरून सरकणे आहे, आणि त्यावर गिंबलच्या मोटरींकडे कोणताही उपाय नाही. नेहमीच्या चालीत ही उसळी साधारण ४ सेंटिमीटर असते असे धरून पुढचा हिशेब करावा.

२४ मिमी लेन्सवर १६:९ ची फ्रेम घेतली, तर लेन्सपासून ८० सेंटिमीटरवर असलेल्या प्रतलात फ्रेमची उंची सुमारे ६७ सेंटिमीटर भरते. कॅमेरा ४ सेंटिमीटर वर गेला की त्या अंतरावरचा कठड्याचा खांब फ्रेमच्या उंचीच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे १०८० ओळींच्या चित्रात ६४ ओळी खाली सरकतो. त्याच क्षणी २० मीटरवरचे शेवटचे दार अवघ्या दोन-तीन ओळी सरकते. आता सॉफ्टवेअरने खांब स्थिर करायचा ठरवला तर दार उड्या मारेल, आणि दार धरून ठेवले तर खांब उड्या मारतील. सॉफ्टवेअर चित्र ताणून दोन्ही सांभाळायला जाते, तेव्हा भिंती वितळताना दिसतात. शिवाय १/५० च्या शटरवर धक्क्याच्या क्षणी जी फ्रेम पुसट आली ती स्थिर केल्यावरही पुसटच राहते, आणि स्थिर झालेल्या चित्रात हे मधूनमधून येणारे पुसटपण अधिकच खुपते.

मरीन ड्राइव्हवर चालत घेतलेला शॉट चांगला दिसतो आणि गॅलरीतला फसतो, याचे कारण हेच आहे. तिथे सगळे काही दूर असते. गिंबलची चाचणी समुद्राकडे तोंड करून घेणाऱ्याला आपल्या चालीबद्दल काहीच कळत नाही.

## टप्पा १ : तोल साधण्यापूर्वी कॅमेरा पूर्ण सजवावा

कॅमेरा शॉटच्या वेळी जसा असणार आहे, अगदी तसाच करून मगच गिंबलवर चढवावा. बॅटरी आणि कार्ड आत असावे, लेन्सचे झाकण काढलेले असावे, एनडी फिल्टर वापरायचा असेल तर तो लावलेला असावा आणि गळ्यातला पट्टा काढून टाकलेला असावा. बाजूला उघडणारा स्क्रीन शॉटच्या वेळी उघडा ठेवायचा असेल, तर तोल साधतानाही तो त्याच स्थितीत उघडा हवा. स्क्रीन बंद असताना साधलेला रोलचा तोल स्क्रीन उघडताच एका बाजूला झुकतो, आणि ही चूक इतकी सर्रास होते की तोल बिघडला असे कोणी सांगितले की आधी स्क्रीनबद्दलच विचारावे. झूम लेन्स असेल तर ज्या फोकल लेंग्थवर शॉट घ्यायचा आहे तिथेच ती ठेवावी, कारण बहुतेक झूम लेन्सची नळी पुढे आली की वजनही पुढे सरकते.

माइकची किंवा मॉनिटरची केबल असेल तर ती पातळ, मऊ आणि सैल असावी. ताठ केबल चौथ्या हातासारखी कॅमेऱ्याला ओढत राहते, आणि तोल कितीही अचूक असला तरी मोटरला तिच्याशी झगडावे लागते.

तपासणी : प्लेटचा स्क्रू नाण्याने किंवा पान्याने घट्ट आवळावा आणि कॅमेरा धरून हलकेच पिळून पाहावा. प्लेटवर कॅमेरा केसभर जरी फिरत असेल, तर पुढे मोटर चालू केल्यावर जी बारीक थरथर येईल तिचा उगम इथेच असेल.

## टप्पा २ : मोटर बंद ठेवून टिल्ट, मग रोल, मग पॅन

हा क्रम बदलू नये. टिल्टचा अक्ष कॅमेऱ्याच्या सर्वांत जवळ आहे, त्याच्या बाहेर रोल आणि सर्वांत बाहेर पॅन. कॅमेरा प्लेटवर पुढे-मागे सरकवला की बाहेरच्या पॅनच्या अक्षावरचे वजनही बदलते. बाहेरचा आर्म सरकवला तर आतल्या अक्षाचा तोल मात्र ढळत नाही. म्हणून आतून बाहेर जावे. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक दुरुस्ती आधीची दुरुस्ती मोडते. एका वेळी एकच अक्ष मोकळा असावा आणि बाकीचे दोन लॉक असावेत. गिंबल पायांवर सपाट टेबलावर किंवा जमिनीवर उभा करावा.

टिल्ट, पुढे-मागे. टिल्टचे लॉक उघडून लेन्स क्षितिजसमांतर धरावी आणि हात हळूच सोडावा. लेन्स खाली गेली तर पुढचा भार जास्त आहे, म्हणून प्लेट मागे घ्यावी. लेन्स वर उचलली गेली तर प्लेट पुढे न्यावी. एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच सरकवावे.

टिल्ट, उंची. बहुतेकांची गडबड इथेच होते. समांतर स्थितीत लेन्स स्थिर राहिली की टिल्ट संपला असे समजले जाते. पण कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य अक्षाच्या खाली असेल तर तो लंबकासारखा लोंबतो, आणि लंबक सरळ स्थितीत स्थिरच दिसतो. त्यामुळे समांतर स्थितीतली स्थिरता उंचीबद्दल काहीही सांगत नाही. लेन्स थेट आकाशाकडे करावी आणि सोडावी. ती पुढच्या बाजूला पडली तर कॅमेरा अक्षाच्या मानाने खाली बसला आहे, म्हणून तो वर घ्यावा. ती आपल्याकडे, म्हणजे मागे पडली तर कॅमेरा वर आहे, तो खाली घ्यावा. लेन्स आकाशाकडे स्थिर राहिली की ती ४५ अंशांवर सोडून पाहावी. तिथेही जशीच्या तशी राहिली, तरच टिल्ट जमला असे म्हणावे आणि टिल्ट लॉक करावा.

रोल. कॅमेऱ्याच्या मागे उभे राहून रोलचे लॉक उघडावे. कॅमेरा डावीकडे कलत असेल तर आर्म उजवीकडे सरकवावा, उजवीकडे कलत असेल तर डावीकडे. इथेही कॅमेरा मुद्दाम थोडा तिरका करून सोडून पाहावा.

पॅन. हा अक्ष सर्वाधिक वेळा वगळला जातो, कारण हँडल उभे असताना पॅनचा तोल कितीही बिघडलेला असला तरी काहीच हलत नाही. गिंबल हातात उचलून हँडल चांगले तिरके करावे, पॅनचे लॉक उघडावे आणि आर्म उताराला आडवा येईल असा फिरवून सोडावा. कॅमेऱ्याची बाजू घसरून खाली आली तर आर्म सरकवून कॅमेरा पॅनच्या अक्षाच्या जवळ आणावा, मोटरची बाजू खाली आली तर उलट करावे. हे करताना दुसरा हात कॅमेऱ्याखाली असावा, कारण तोल फारच बिघडलेला असेल तर आर्म वेगाने फिरतो आणि बोटे चेंगरतात. चालताना हँडल क्षणभरही सरळ उभे राहत नाही, ते सतत पुढे-मागे झुकत असते. म्हणून पॅनचा बिघडलेला तोल नेमका चालतानाच त्रास देतो.

तपासणी : तिन्ही लॉक उघडावेत, गिंबल हातात धरावा आणि मोटर बंद असतानाच हँडल सावकाश पुढे व बाजूला झुकवून पाहावे. कॅमेरा आपणहून कुठेही पळू नये. तो पळत असेल, तर मोटर हे काम उचलेल अशी आशा धरू नये. मोटर ते उचलतेही, परंतु तिची ताकद वजन धरून ठेवण्यात खर्च होते आणि अचानक आलेल्या धक्क्यासाठी काही उरत नाही. बॅटरीही लवकर संपते.

## टप्पा ३ : मोटरची ताकद

सावधान : एखादे लॉक बंद राहिलेले असताना गिंबल कधीही चालू करू नये. मोटर लॉकविरुद्ध जोर लावत राहते आणि तापते.

तिन्ही लॉक उघडल्यावर गिंबल सपाट, न हलणाऱ्या जागेवर ठेवून चालू करावा आणि ऑटो ट्यून चालवावे. या वेळी गिंबल स्वतःच थोडा थरथरून कॅमेऱ्याचे वजन अजमावतो. त्याला हात लावू नये, आणि चाळीच्या लाकडी गॅलरीत हे काम करूच नये, कारण शेजारून कोणी चालत गेले तरी फळ्या हलतात. आतल्या खोलीत फरशीवर करावे.

ताकद गरजेपेक्षा जास्त असेल तर गिंबल गुणगुणतो आणि हँडलला बारीक कंप जाणवतो. ती कमी असेल तर हात हलवल्यावर कॅमेरा रेंगाळत मागून येतो. गुणगुण ऐकू आली तर ज्या अक्षाची मोटर गुणगुणते तिचीच ताकद थोडी कमी करावी. सगळ्याच अक्षांची ताकद सरसकट खाली आणण्याची गरज नसते.

चालता शॉट घेण्यासाठी पॅन फॉलो मोड पुरेसा असतो. त्यात टिल्ट आणि रोल स्थिर राहतात आणि फक्त वळणे हाताप्रमाणे होते. पॅनचा वेग कमी ठेवावा आणि डेडबँड थोडा वाढवावा, म्हणजे मनगटाचे छोटे हेलकावे गिंबल वळण्याचा आदेश समजणार नाही. कॅमेऱ्याचे डिजिटल स्टॅबिलायझेशन बंद असावे. सेन्सर हलवून होणारे स्टॅबिलायझेशन वाइड लेन्सवर चालताना बऱ्याच कॅमेऱ्यांत फ्रेमचे कोपरे वाकवते, म्हणून ते सुरू ठेवून एक आणि बंद ठेवून एक अशा दोन छोट्या क्लिप घ्याव्यात आणि कोपरे पाहून ठरवावे. गॅलरीत ट्यूबलाइट असेल तर २५ फ्रेमसाठी १/५० चे शटर योग्य राहते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर त्याने चित्र लुकलुकत नाही.

तपासणी : एका जागी उभे राहून २० सेकंद रेकॉर्ड करावे आणि मोठ्या पडद्यावर पाहावे. उभे असतानाही चित्र थरथरत असेल तर दोष गिंबलमध्ये आहे, टप्पा १ आणि २ पुन्हा करावेत. उभे असताना चित्र शांत असेल, तर यापुढे जे काही उसळेल ते पायांमुळे आहे. ही एक क्लिप घेतली नाही, तर नंतर दोष कुठे आहे याचा तासन्‌तास अंदाज बांधत बसावे लागते.

## टप्पा ४ : चाल

चालताना शरीर का उसळते, हे भूमिती सांगते. पाय ताठ ठेवून लांब पाऊल टाकले की दोन्ही पाय फाकलेले असताना कंबर खाली जाते, आणि एका पायावर उभे असताना वर येते. पायांचा हा त्रिकोण जितका रुंद, तितका हा फरक मोठा, आणि तो पावलाच्या लांबीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. म्हणून पाऊल निम्मे केले की उसळी निम्मी न राहता सुमारे पाव होते. ७० सेंटिमीटरऐवजी ३५ सेंटिमीटरचे पाऊल टाकले, तर ४ सेंटिमीटरची उसळी सुमारे एकावर येते, आणि गॅलरीतला तो खांब ६४ ऐवजी १६ ओळी हलतो. इतर कोणत्याही युक्तीपेक्षा या एका बदलाचा परिणाम मोठा आहे, तरीही शिकवताना गुडघे वाकवण्यावरच भर दिला जातो आणि पावलाच्या लांबीबद्दल कोणी बोलत नाही.

त्यानंतर गुडघे. ते किंचित वाकवावेत आणि संपूर्ण शॉटभर तेवढेच वाकलेले ठेवावेत. फार वाकवले तर दहा मीटरनंतर मांड्या थरथरू लागतात आणि ती थरथर हातांपर्यंत पोचते. २० मीटरच्या शॉटला, शेवटपर्यंत न थकता ठेवता येईल एवढाच वाक असावा. कंबर एकाच उंचीवर सरकते आहे ना, याकडे लक्ष ठेवले की गुडघे आपोआप जुळवून घेतात.

पाऊल टाकताना टाच आधी हळूच टेकवावी, मग तळव्याची बाहेरची कड आणि शेवटी बोटे. मागच्या पायावरचा भार पुढचा पाय पूर्ण टेकल्यावरच सोडावा. टाच आपटली की तिचा धक्का मणक्यातून खांद्यापर्यंत येतो. पावले एका रेषेच्या जवळ पडावीत, म्हणजे शरीर डावी-उजवीकडे डोलत नाही. पाय एकमेकांसमोर ओलांडू मात्र नयेत, त्याने तोल जातो.

पायात काय असावे, हाही प्रश्न गौण नाही. चपलेची टाच प्रत्येक पावलाला सुटते आणि आपटते, जाड तळव्याच्या बुटांत जमीन जाणवत नाही. पातळ, वाकणारा तळवा असलेले कॅनव्हासचे बूट उत्तम. चाळीच्या गॅलरीत अनवाणी चालणे सर्वांत चांगले, मात्र आधी एकदा फळ्यांवरून हात फिरवून वर आलेले खिळे पाहून घ्यावेत.

हात दोन्ही वापरावेत. एक हात हँडलवर आणि दुसरा गिंबलच्या खालच्या मिटवलेल्या पायांवर किंवा जोड हँडलवर. कोपरे वाकलेली आणि शरीराच्या जवळ असावीत, पण बरगड्यांना चिकटलेली नसावीत. चिकटलेली कोपरे छातीची प्रत्येक हालचाल, श्वाससुद्धा, सरळ कॅमेऱ्याला देतात. मोकळी कोपरे स्प्रिंगसारखी थोडी उसळी गिळतात. पकड हलकी असावी. मे महिन्यात घामाने हँडल निसटते म्हणून लोक मूठ आवळतात आणि मनगट ताठ होते. त्यापेक्षा हँडलवर कापडी पट्टी गुंडाळावी.

सावधान : चालताना स्क्रीनमध्ये टक लावून पाहू नये. नजर तीन-चार मीटर पुढच्या जमिनीवर आणि स्क्रीनवर आलटून पालटून असावी. उंबरठे, चपलांचे ढीग, पाण्याचे पिंप, हे सारे आधीच पाहून ठेवलेले असावे.

## टप्पा ५ : गॅलरीतला टेक

आधी कॅमेऱ्याशिवाय एकदा पूर्ण अंतर चालावे आणि करकरणाऱ्या किंवा दबणाऱ्या फळ्या लक्षात ठेवाव्यात. फळ्या भिंतीत रुतलेल्या बाजूला कमी दबतात आणि कठड्याकडे जास्त. म्हणून भिंतीच्या बाजूने चालणे दोन तऱ्हेने सोयीचे पडते. पायाखालची जमीन कमी हलते, आणि कठड्याचे खांब लेन्सपासून दूर जातात. खांब ८० सेंटिमीटरऐवजी १.६ मीटरवर फ्रेममध्ये शिरला की त्याची उसळी निम्मी होते. भिंतीकडची दारेही त्याच वेळी जवळ येतात हे खरे, परंतु बंद दाराचा सपाट पृष्ठभाग खांबांच्या ओळीइतका उसळताना दिसत नाही.

३५ सेंटिमीटरचे पाऊल आणि सेकंदाला साधारण दीड पाऊल, या गतीने २० मीटरला ४० सेकंदांपेक्षा थोडा कमी वेळ लागतो. शॉट एवढा लांब नको असेल, तर पाऊल वाढवून वेग आणू नये. मधला भागच वापरावा, किंवा एडिटमध्ये गती थोडी वाढवावी. रेकॉर्ड सुरू करून, गुडघे वाकवून, तीन सेकंद स्थिर उभे राहावे आणि मग पहिले पाऊल सावकाश उचलावे. ते सर्वांत जास्त धक्का देते, म्हणून वापरायचा भाग दुसऱ्या-तिसऱ्या पावलानंतर सुरू होईल असे अंतर मागे ठेवावे. थांबतानाही पाय थांबल्यावर तीन सेकंद हात तसेच ठेवावेत.

नवरीच्या पुढे उलटे चालायचे असेल तर क्रम उलटा होतो, आधी बोटे आणि मग टाच. सोबत एका माणसाने पाठीवर हलका हात ठेवून दिशा द्यावी. त्याने ढकलू नये, कारण पाठीला बसलेला धक्का गिंबल थांबवत नाही. जिन्यावर हे करूच नये.

## टप्पा ६ : क्लिप पाहून दोष ओळखणे

क्लिप कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर न पाहता लॅपटॉपवर पाहावी, आणि नजर शेवटच्या दाराऐवजी सर्वांत जवळच्या खांबावर ठेवावी.

खांब पावलांच्या तालात वर-खाली होत असेल तर दोष चालीचा आहे. आधी पाऊल लहान करावे, मग गुडघे तपासावेत. संपूर्ण चित्रात बारीक, वेगवान थरथर असेल तर प्लेट सैल आहे किंवा मोटरची ताकद जास्त आहे. क्षितिज हळूहळू एका बाजूला कलत असेल तर रोलचा तोल आणि स्क्रीनची स्थिती पाहावी, आणि तरीही कलत असेल तर गिंबल सपाट जागेवर ठेवून कॅलिब्रेट करावा. चालताना फ्रेम डावी-उजवीकडे झोके घेत असेल तर पॅनचा तोल किंवा डेडबँड पाहावा.

एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा तेच २० मीटर चालावे. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि शॉट सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही. मग पुढच्या आठवड्यात दुसरी लेन्स लावल्यावर तोच दोष परत आला की सुरुवात पुन्हा टप्पा १ पासून करावी लागते.